टीजीएफ-बीटा, स्मॅड आणि कॅन्सर: एकच संदेश कॅन्सरला रोखतो कसा आणि वाढवतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राचे विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले संशोधक आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर 'स्मॅड४' हा शब्द वाचून गोंधळलेले नातेवाईक असे तिघेही या विषयावर साधारण सारखेच प्रश्न विचारतात. उत्तरं देताना मी मुख्यतः स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं उदाहरण घेतलं आहे. टीजीएफ-बीटा हे पेशींमध्ये संदेश पोहोचवणारं प्रथिन आहे, आणि त्याचं दुहेरी वागणं जितकं स्पष्टपणे तिथे उलगडतं, तितकं दुसरीकडे क्वचितच.

एकच प्रथिन कॅन्सर रोखतं आणि वाढवतंही, हे खरंच सिद्ध झालं आहे का?

हो, आणि तेही फार पूर्वी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका बाजूला असं दिसलं होतं की या प्रथिनाच्या उपस्थितीत उंदराच्या मूत्रपिंडातल्या पेशी मऊ अगारमध्ये, म्हणजे कशालाही न चिकटता, वाढू लागतात. असं वाढणं ही कॅन्सरच्या पेशींची खूण मानली जाते. दुसऱ्या बाजूला माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी स्वतःचीच वाढ थांबवणारं एक द्रव्य सोडतात, असं आढळलं होतं. १९८४ साली लक्षात आलं की ही दोन द्रव्यं जवळजवळ एकच आहेत. पुढच्याच वर्षी अनिता रॉबर्ट्स, मायकेल स्पॉर्न आणि सहकाऱ्यांनी एकाच जातीच्या पेशींवर दोन्ही परिणाम दाखवले. सोबत पीडीजीएफ नावाचा वाढ-घटक असला तर टीजीएफ-बीटा वाढ वाढवायचा, ईजीएफ हा दुसरा वाढ-घटक असला तर तोच वाढ रोखायचा.

या प्रयोगातून निघालेली गोष्ट आजही जशीच्या तशी लागू पडते. संदेश काय आहे यावर परिणाम ठरत नाही. तो ज्या पेशीत पोहोचतो तिथे त्या वेळी आणखी काय काय हजर आहे, यावर ठरतो.

पेशीबाहेरचा संदेश केंद्रकापर्यंत कसा जातो?

हा मार्ग आश्चर्य वाटावं इतका छोटा आहे. टीजीएफ-बीटा दोन सारख्या साखळ्यांच्या जोडीच्या रूपात पेशीच्या पृष्ठभागावरच्या टाइप-२ रिसेप्टरला चिकटतो. हा रिसेप्टर स्वतः एक कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम, आणि तो कायम चालूच असतो. त्याच्याजवळ टाइप-१ रिसेप्टर (याला एएलके५ असंही म्हणतात) ओढला जातो. दोन टाइप-२ आणि दोन टाइप-१ असा चौघांचा संच तयार होतो. टाइप-२ हा टाइप-१च्या पटलालगतच्या, ग्लायसिन आणि सेरीन यांनी भरलेल्या एका छोट्या पट्ट्यावर फॉस्फेट लावतो आणि तेवढ्याने टाइप-१ जागा होतो.

जागा झालेला टाइप-१ रिसेप्टर संदेश आत नेणाऱ्या स्मॅड२ आणि स्मॅड३ या प्रथिनांच्या अगदी शेवटच्या टोकावरच्या दोन सेरीनवर फॉस्फेट लावतो. फॉस्फेट लागलेले हे स्मॅड स्मॅड४शी जुळतात आणि तिघांचा गट केंद्रकात साठतो. स्मॅड३ आणि स्मॅड४ डीएनएवरचा एक छोटासा क्रम ओळखतात. स्मॅड२च्या नेहमीच्या रूपात मध्ये एक जादा तुकडा असल्यामुळे त्याला डीएनए थेट पकडता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्मॅड ओळखतात तो क्रम इतका छोटा आहे की जीनोममध्ये तो जागोजागी सापडतो, आणि स्मॅडची डीएनएवरची पकडही सैल असते. कोणत्या जनुकापाशी थांबायचं हे स्मॅड एकटे ठरवू शकत नाहीत. त्या पेशीत आधीपासून असलेली दुसरी ट्रान्स्क्रिप्शन प्रथिनं त्यांना जागा दाखवतात. म्हणून तोच टीजीएफ-बीटा एका पेशीत एक जनुकसंच चालू करतो आणि शेजारच्या वेगळ्या प्रकारच्या पेशीत दुसराच.

टीजीएफ-बीटा तर जवळपास सगळ्या ऊतींत असतो. मग सगळीकडे वाढ थांबत का नाही?

तो साठवलेला असतो, पण बांधलेल्या अवस्थेत. स्वतःच्याच अग्रभागाच्या वेटोळ्यात अडकून तो पेशींबाहेरच्या जाळ्यात पडून राहतो. इंटेग्रिन प्रथिनांनी ओढून किंवा प्रोटीएज एन्झाइमने कापून ते वेटोळं सुटलं, तरच तो रिसेप्टरला भेटू शकतो. त्यामुळे एखाद्या गाठीत टीजीएफ-बीटा 'किती आहे' हे मोजून फारसं हाती लागत नाही. किती मोकळा झाला आहे, ते पाहावं लागतं.

निरोगी पेशीत तो वाढ नेमकी कशी थांबवतो?

त्वचा, आतडं, स्वादुपिंडाच्या नलिका अशा आवरण-पेशींत तो पेशीचक्राला विभाजनाच्या तयारीच्या टप्प्यातच, म्हणजे डीएनएची प्रत निघण्यापूर्वी, अडवतो. पी१५ आणि पी२१ ही विभाजनाची यंत्रणा रोखणारी प्रथिनं वाढतात आणि वाढीला हाकणारं मिक हे प्रथिन कमी होतं. मिक खाली जाणं महत्त्वाचं, कारण मिक स्वतःच पी१५ला दाबून ठेवतं. हे सगळं काही तासांत घडतं आणि यात पेशी मरत नाही, फक्त थांबते.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हा लगाम बऱ्याचदा आधीच सैल झालेला असतो. पी१५चं जनुक पी१६ या विभाजन रोखणाऱ्याच दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकाला लागूनच आहे, आणि या कॅन्सरमध्ये पी१६चा भाग गुणसूत्रातून गळतो तेव्हा अनेकदा पी१५लाही सोबत घेऊन जातो. अशा पेशीत टीजीएफ-बीटाकडे वाढ थांबवण्याचं मुख्य साधनच उरत नाही. तरीही या कॅन्सरच्या अनेक गाठींतल्या पेशी पुढे जाऊन स्मॅड४ही गमावतात. लगाम आधीच तुटला असेल तर स्मॅड४ घालवून त्यांना काय मिळतं? मला या विषयात सर्वांत रोचक वाटतो तो हाच प्रश्न.

स्मॅड४ आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर यांचा संबंध कधी कळला?

१९९६ साली. जॉन्स हॉपकिन्समध्ये स्वादुपिंडाच्या गाठींत १८व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा वारंवार गळालेला दिसत होता. त्या तुकड्यातलं जनुक शोधल्यावर त्याला डीपीसी४ असं नाव दिलं गेलं. तेच आज आपण ज्याला स्मॅड४ म्हणतो ते जनुक. या कॅन्सरच्या साधारण निम्म्या गाठींत ते निकामी झालेलं असतं. कधी दोन्ही प्रती गळून जातात, कधी एक गळते आणि दुसरीत बिघाड होतो.

घडण्याचा क्रमही बोलका आहे. पेशीला वाढायला लावणाऱ्या केरास जनुकातला बदल अगदी सुरुवातीच्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या नलिकांमध्येच सापडतो. स्मॅड४ जातं ते मात्र उशिरा, घुसखोरी सुरू होण्याच्या सुमारास. उंदरांत स्वादुपिंडातून फक्त स्मॅड४ काढलं तर गाठ होत नाही. बिघडलेल्या केरासच्या सोबतीने काढलं तर गाठी झपाट्याने वाढतात. म्हणजे स्मॅड४ची राखण असते ती आधीच केरासने चेकाळलेल्या पेशींवर.

स्मॅड४ शाबूत असलेल्या कॅन्सर-पेशीला टीजीएफ-बीटा दिला तर काय होतं?

इथे २०१६ साली जोन मासागे यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं काम तपशिलात पाहण्यासारखं आहे. त्यांनी उंदराच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सर-पेशी घेतल्या. केरास बिघडलेला, पी१६चा भाग नसलेला आणि स्मॅड४ही नसलेला. त्यांतल्या काहींत स्मॅड४ परत घातलं. मग दोन्ही प्रकारच्या पेशींना टीजीएफ-बीटा दिला.

स्मॅड४ असलेल्या पेशी आधी आकार बदलतात. एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशी लांबट होऊन सुट्या होतात. यालाच ईएमटी, म्हणजे आवरण-पेशीचं संयोजी-पेशीसारख्या रूपात बदलणं, म्हणतात. ती घडवण्यात स्नेल नावाचं प्रथिन पुढे असतं. पाठ्यपुस्तकात ईएमटी ही कॅन्सर पसरण्याची पहिली पायरी म्हणून शिकवली जाते, त्यामुळे या पेशी आता जास्त धोकादायक होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या मेल्या.

कारण दोन धाग्यांत आहे. पहिला धागा सॉक्स४ या प्रथिनाचा. टीजीएफ-बीटा ते वाढवतो, आणि त्यासाठी स्मॅड४ लागत नाही. दुसरा धागा केएलएफ५चा. हे प्रथिन पेशीला 'तू पचनसंस्थेतली आवरण-पेशी आहेस' ही ओळख देतं. स्मॅड४च्या मदतीने वाढलेलं स्नेल या केएलएफ५ला बंद पाडतं. केएलएफ५ सोबतीला असेल तर सॉक्स४ गाठ वाढवतं. केएलएफ५ नसेल तर तेच सॉक्स४ पेशीला आत्मनाशाकडे ढकलतं.

ही साखळी नुसत्या अंदाजावर उभी नाही. पेशीत केएलएफ५ बाहेरून असं घातलं की स्नेल ते बंद पाडू शकत नाही, तर ईएमटी झाली तरी पेशी मरण टाळतात. एकच दुवा हलवला आणि परिणाम उलटला. अशा पुराव्याला मी नुसत्या सहसंबंधांच्या तक्त्यांपेक्षा कितीतरी जास्त वजन देतो.

आणि स्मॅड४ नसेल तर?

तर टीजीएफ-बीटा आल्यावर सॉक्स४ वाढतं, पण ईएमटी होत नाही. त्यामुळे केएलएफ५ जागेवर राहतं. आता सॉक्स४ आणि केएलएफ५ दोघंही हजर, आणि दोघं मिळून गाठीला बळ देतात. संदेश तोच, रिसेप्टरही तेच, स्मॅड२ आणि स्मॅड३वर फॉस्फेटही तसंच लागतं. फक्त मरणाकडे नेणारा फाटा बंद झालेला असतो.

मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. स्मॅड४ घालवून पेशीला वाढीवरचा लगाम तोडायचा नसतो. तिला मरण चुकवायचं असतं, आणि त्याच झटक्यात तोच संदेश तिच्या फायद्याचा होतो.

केरासचा यात नेमका काय वाटा?

स्नेल इतकं जोरात चालू होण्यामागे केरासच आहे. आरआरईबी१ नावाचं प्रथिन केरासच्या संदेशाने सक्रिय होऊन स्नेलच्या जनुकापाशी बसतं आणि स्मॅडना तिथे ओढून घेतं. हे २०२०मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं. केरास शांत असलेल्या पेशीत स्मॅडना ही जागा दाखवणारं आरआरईबी१ तितकं सक्रिय नसतं. म्हणूनच निरोगी नलिका-पेशी टीजीएफ-बीटाने थांबते आणि केरासवाली पेशी मरते.

'टीजीएफ-बीटा सुरुवातीला चांगला, नंतर वाईट' असं म्हणतात. ते चूक आहे का?

ढोबळ अर्थाने बरोबर, पण दिशाभूल करणारं. यामुळे असं वाटतं की काळ सरला की प्रथिनाचा स्वभाव पालटतो. पालटतात त्या पेशी. टीजीएफ-बीटा वाढत्या गाठीवर मरणाचा दबाव आणतो आणि त्या दबावाखाली ज्यांचा मरण्याचा फाटा तुटलेला आहे अशाच पेशी मागे उरतात. आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये तो फाटा अगदी वर, रिसेप्टरपाशीच तुटतो. टाइप-२ रिसेप्टरच्या जनुकात सलग दहा ॲडेनिन अक्षरं आहेत. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठींत तिथे एखादं अक्षर गळतं किंवा वाढतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. अशा गाठीत टीजीएफ-बीटाचा कोणताच संदेश आत पोहोचत नाही, ना मारणारा ना पोसणारा.

उलट स्तनाच्या अनेक कॅन्सरमध्ये रिसेप्टर आणि स्मॅड सगळे शाबूत असतात. तिथे फक्त वाढ थांबवणारी जनुकं प्रतिसाद देईनाशी होतात आणि बाकी प्रतिसाद चालू राहतो. हाडात पोहोचलेल्या अशा पेशी टीजीएफ-बीटाच्या प्रभावाखाली हाड पोखरायला लावणारी द्रव्यं सोडतात. पोखरलेल्या हाडातून साठवलेला आणखी टीजीएफ-बीटा सुटतो आणि चक्र फिरत राहतं. या पेशींना स्मॅड४ हवंच असतं.

गाठीतल्या बाकी पेशींचं काय?

त्यांच्यावर टीजीएफ-बीटाचा परिणाम बहुतांशी गाठीच्या फायद्याचा होतो. फायब्रोब्लास्ट पेशी घट्ट तंतूंचं जाळं विणतात आणि कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशी त्या जाळ्याबाहेर अडकून पडतात. मूत्राशयाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरवर २०१८मध्ये आलेल्या कामातून हे ठळकपणे पुढे आलं. कॅन्सर-पेशीने स्वतः संदेश ऐकणं बंद केलं असलं तरी तिच्या भोवतालच्या पेशी तो ऐकतच असतात, हे विसरलं जातं.

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'स्मॅड४ लॉस' लिहिलं आहे. याचा अर्थ काय घ्यायचा?

पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर स्मॅड४ प्रथिनाला पकडणारं प्रतिपिंड लावून तपासलं आणि कॅन्सर-पेशींमध्ये तपकिरी रंग आला नाही, एवढाच अर्थ. रंग नीट लागला का हे त्याच स्लाइडवर कळतं. आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या आणि लिम्फोसाइट या पेशींत स्मॅड४ असतंच, त्यामुळे त्या तपकिरी दिसायला हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर रंगवण्यातच गडबड झाली आहे आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

उलटी चूकही होते. काही जनुकीय बदलांत प्रथिन बनतं, रंगही येतो, पण ते स्मॅड२ आणि स्मॅड३शी जुळू शकत नाही. म्हणजे रंग दिसला म्हणून काम शाबूत आहे असं खात्रीने म्हणता येत नाही.

रोगाच्या वाटचालीबद्दल जॉन्स हॉपकिन्समध्येच मृत्यूनंतरच्या तपासण्यांवर झालेला २००९चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. दूरवर पसरलेल्या रोगात स्मॅड४ जास्त वेळा गेलेलं होतं, जागच्या जागी वाढलेल्या रोगात ते बहुतेकदा शाबूत होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत मात्र हे तितक्या ठामपणे दिसलेलं नाही. त्यामुळे एकट्या या ओळीवरून आपल्या माणसाचं पुढे काय होणार, असा निष्कर्ष घरी बसून कृपया काढू नका. गाठीचा आकार, शस्त्रक्रिया शक्य आहे का आणि प्रसार झाला आहे का, या गोष्टींवर उपचार ठरतो. ऑन्कोलॉजिस्टना ही ओळ दाखवून त्यांच्याकडूनच तिचा अर्थ समजून घ्या.

प्रयोगशाळेत आमच्या पेशींत हा मार्ग चालतो की नाही, हे कसं ओळखायचं?

सर्वांत जास्त फसवणूक होते ती फॉस्फो-स्मॅड२च्या वेस्टर्न ब्लॉटवरून. टीजीएफ-बीटा घातल्यावर अर्ध्या ते एक तासात पट्टी छान उठते आणि मार्ग शाबूत आहे असं लिहून टाकलं जातं. पण फॉस्फेट लावतो रिसेप्टर, आणि त्याला स्मॅड४शी काही देणंघेणं नाही. स्मॅड४ पूर्ण गेलेल्या पेशीतही ती पट्टी तितकीच ठळक येते. ती पट्टी फक्त रिसेप्टरपर्यंतची हकीकत सांगते. पुढचं कळायला स्मॅड४चा वेगळा ब्लॉट हवा आणि स्मॅड४वर अवलंबून असलेलं एखादं जनुक, उदाहरणार्थ स्नेल, मोजायला हवं.

आणखी दोन गोष्टी. माध्यमातल्या सीरममध्ये टीजीएफ-बीटा असतोच, म्हणून न घातलेल्या गटातही थोडी पट्टी दिसते. प्रयोगाआधी सीरम कमी करा आणि एका गटाला टाइप-१ रिसेप्टर रोखणारं एसबी-४३१५४२ द्या, म्हणजे खरा शून्य कळेल. दुसरं, एलायझाने मोजताना नमुन्याला आधी आम्ल दिलं तर बांधलेला आणि मोकळा असा सगळाच टीजीएफ-बीटा मोजला जातो. तो आकडा 'सक्रिय' म्हणून छापू नका.

मग औषधाने टीजीएफ-बीटा अडवून टाकला तर?

प्रयत्न बरेच झाले आहेत आणि त्यांतून आलेल्या अडचणी या विषयाशी तंतोतंत जुळणाऱ्या आहेत. फ्रेसोलिमुमॅब हे टीजीएफ-बीटाला पकडणारं प्रतिपिंड दिल्यावर काही रुग्णांच्या त्वचेवर केराटोॲकॅन्थोमा नावाच्या गाठी आल्या. त्वचेच्या पेशींवरचा लगाम सुटला की काय होतं, ते माणसांतच दिसलं. टाइप-१ रिसेप्टर रोखणाऱ्या औषधांनी प्राण्यांत हृदयाच्या झडपांना इजा झाली, म्हणून गॅल्युनिसर्टिब १४ दिवस द्यायचं आणि १४ दिवस थांबवायचं अशा पद्धतीने वापरलं गेलं. एकाच रेणूने टीजीएफ-बीटा आणि टी-पेशींना रोखणारं पीडी-एल१ हे प्रथिन असं दोन्ही अडवणाऱ्या बिंट्राफस्प आल्फाची फुप्फुसाच्या कॅन्सरवरची मोठी चाचणी २०२१मध्ये थांबवावी लागली, कारण प्रचलित उपचारापेक्षा ते सरस ठरण्याची चिन्हं नव्हती.

या चाचण्यांत रुग्ण निवडताना त्यांच्या गाठीत स्मॅड४ आहे की नाही याला पुरेसं महत्त्व मिळालं नाही, असं माझं मत आहे. स्मॅड४ नसलेल्या स्वादुपिंडाच्या गाठीत टाइप-१ रिसेप्टर अडवला तर सॉक्स४ला मिळणारा आधार कमी होईल आणि भोवतालचं तंतूंचं जाळंही सैल पडू शकेल. स्मॅड४ शाबूत असलेल्या गाठीत मात्र तेच औषध पेशीला मारणारा फाटा बंद करू शकतं, म्हणजे कॅन्सरने स्वतः जे करायला वर्षं घेतली असती ते आपण गोळीने करून देऊ. एकाच रुग्णाच्या गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी असल्या तर हिशेब आणखी अवघड होतो. म्हणून निदान स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तरी असं औषध सुरू करण्याआधी स्मॅड४ची तपासणी व्हावी, आणि ती शक्य असेल तिथे गाठीच्या एकाहून अधिक भागांतून व्हावी.